राजीनाम्याआधी साहेबांना पाठवायचा मेसेज: आधी काय तपासायचं, काय लिहायचं, कधी पाठवायचं

चाकणच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं लाइन सांभाळली. त्या काळात राजीनाम्याची आगाऊ कल्पना देणारे मेसेज मला पुष्कळ आले, आणि बहुतेक चुकलेलेच आले. एक शनिवारी रात्री सव्वाअकराला आला: “सर, थोडं पर्सनल बोलायचं होतं.” बस, एवढंच. पोराच्या घरी कोणी आजारी आहे की काय, या काळजीत माझा अख्खा रविवार गेला. दुसरा एक मोबाइलवर तीनदा सरकवून वाचावा लागला, आणि शेवटी पोहोचल्यावरही हा माणूस जाणार आहे की पगारवाढ मागतोय, ते कळेना.

या मेसेजचं काम अगदी लहान असतं. राजीनाम्याचा मेल एचआरच्या इनबॉक्समध्ये पडण्याआधी साहेबांना ती गोष्ट तुमच्याकडून कळावी, आणि बोलायची वेळ ठरावी. कारणं, आभार, लास्ट डेची घासाघीस यांतलं काहीही इथे नको. हा मेसेज राजीनामा नव्हे, आणि राजीनाम्याऐवजी चालणाराही नव्हे.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत घेतो. क्वालिटीतली एक कन्फर्म झालेली इंजिनिअर. नोटीस पिरियड ६० दिवस. नवी नोकरी रांजणगावला, जॉइनिंग सोमवार, ८ सप्टेंबर २०२५. तिचे साहेब नेमके मेसेज पाठवायच्या आठवड्यात कस्टमरच्या प्लांटवर चेन्नईला, पुढच्या मंगळवारी परत येणार.

## टप्पा १: मेसेजआधी कागद काढा

सगळ्यात आधी नव्या नोकरीचा कागद. तोंडी “तुमचं झालं समजा” किंवा एचआरचा फोन याला कागद म्हणत नाहीत. पद, पगार आणि जॉइनिंगची तारीख असलेलं ऑफर लेटर हातात हवं, आणि ते तुम्ही स्वीकारल्याचं लेखी कळवलेलं हवं. आमच्या भागातल्या कारखान्यांत जॉइनिंगआधी मेडिकल करून घेतात. ऑफर “मेडिकलच्या अधीन” असेल तर आधी ते होऊ द्या. चार दिवस थांबावं लागलं तरी थांबा, कारण साहेबांना सांगितलेली बातमी परत घेता येत नाही.

मग जुनी फाइल काढा. नोटीसची अट अपॉइंटमेंट लेटरमध्ये असते हे सगळ्यांना माहीत असतं, पण फसगत नंतरच्या कागदांत होते. प्रोबेशनवर ३० दिवस असलेली नोटीस कन्फर्मेशन लेटरमध्ये ६० झालेली असते. प्रमोशनच्या पत्रात, शेवटच्या परिच्छेदात, ९० झालेली असते. सर्वांत अलीकडचं पत्र कोणतं ते बघा आणि त्यातलं वाक्य जसंच्या तसं उतरवून घ्या. तिथेच राजीनामा कसा द्यायचा तेही असतं: लेखी, मेलने की पोर्टलवर, आणि कोणाला.

तिसरा कागद पैशांचा. जॉइनिंग बोनस परत करण्याची अट, ट्रेनिंगचा बॉण्ड, कंपनीकडून घेतलेलं कर्ज. इन्सेंटिव्हच्या पत्रात “पेमेंटच्या दिवशी कर्मचारी नोटीसवर नसावा” असं वाक्य आहे का, ते खास बघा. पेमेंट पंधरा दिवसांवर असेल तर मेसेजही पंधरा दिवसांनी जाईल, एवढं साधं आहे. नोकरीला पाच वर्षं पूर्ण होत आली असतील तर ग्रॅच्युइटीचा हिशेब शेवटच्या दिवसापर्यंत होतो, राजीनाम्याच्या तारखेपर्यंत नाही. मात्र कंपनीने लवकर मोकळं केलं तर काठावरचे दिवस हातचे जाऊ शकतात, म्हणून तिथे थोडी जागा ठेवा.

तपासा: ही पत्रं फक्त कंपनीच्या मेलवर किंवा लॅपटॉपवर आहेत का? स्वतःची पत्रं, पगाराच्या स्लिपा आणि फॉर्म १६ आताच स्वतःकडे घ्या. ड्रॉइंग, कस्टमरचे रिपोर्ट, मेलच्या फाइली यांना मात्र हात लावू नका. राजीनाम्याच्या आदल्या आठवड्यातला पेन ड्राइव्ह आयटीवाल्यांना नंतर बरोबर सापडतो.

## टप्पा २: तारखा उलट्या मोजा

लोक मेसेज पाठवतात आणि मग तारखा मोजतात. उलट करा. नोटीस राजीनाम्याच्या लेखी तारखेपासून मोजतात, साहेबांना व्हॉट्सअ‍ॅप केलं त्या दिवसापासून नाही. मेसेज आणि मेल यांच्यात गेलेला प्रत्येक दिवस तुमच्या खिशातून जातो.

आपल्या उदाहरणात तिने शनिवारी, ५ जुलैला मेल करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर जुलैचे २६, ऑगस्टचे ३१ आणि सप्टेंबरचे ३ असे ६० दिवस होतात, म्हणजे लास्ट डे ३ सप्टेंबर, बुधवार. जॉइनिंगला मध्ये चार दिवस उरतात. मेल जास्तीत जास्त ९ जुलैपर्यंत लांबवता येतो. तेव्हा साठावा दिवस ७ सप्टेंबरला पडतो. आठवडाभराने, १२ जुलैला केला तर लास्ट डे १० सप्टेंबर, आणि रांजणगावला तर ८ तारखेला हजर व्हायचंय.

म्हणून कागदावर दोन तारखा लिहा: मेल करायची तारीख, आणि ज्यापुढे मेल लांबवता येणार नाही ती तारीख. साहेबांशी बोलताना ही दुसरी तारीख डोक्यात पक्की हवी. ती नसली की माणूस “बरं सर, थांबतो” म्हणून मोकळा होतो.

थांबा: पत्रात “६० दिवस” आहे की “दोन महिने”? दोन महिने असेल तर तोच मेल ४ किंवा ५ सप्टेंबरपर्यंत नेतो. पहिला दिवस धरायचा की नाही यावरही एकेका एचआरचं एकेक मत असतं. एकदोन दिवसांची फट ठेवली की हा वाद अंगावर येत नाही. आणि यात गणपती आहेत, हे विसरू नका. २०२५ ला चतुर्थी २७ ऑगस्टला, म्हणजे बरोबर नोटीसमध्ये. नोटीसमधली रजा पुष्कळ ठिकाणी मिळत नाही, मिळाली तर तेवढे दिवस लास्ट डे पुढे सरकतो. कोकणात जायचं असेल तर ते दिवस आताच मोजणीत धरा.

## टप्पा ३: दिवस, वेळ आणि जागा

पाठवायची वेळ अशी हवी की त्याच दिवशी बोलणं होऊ शकेल. सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगआधी नको, महिनाअखेरीच्या डिस्पॅचला नको, ऑडिटच्या दिवशी तर नकोच. शिफ्ट मार्गी लागल्यावर, दुपारी चार-साडेचारला पाठवलेला मेसेज शांतपणे वाचला जातो. रात्री उशिरा पाठवला तर तो साहेब घरी बायकोसमोर वाचतात आणि सकाळी आल्या आल्या तुम्हाला शॉप फ्लोअरवरच गाठतात.

सुट्टीच्या आदल्या संध्याकाळीही नको. चाकण-भोसरीकडे बऱ्याच कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असते. तिथे बुधवारी संध्याकाळी मेसेज टाकणं म्हणजे साहेबांची सुट्टी आणि स्वतःची झोप, दोन्ही घालवणं. आपल्या इंजिनिअरने शुक्रवार, ४ जुलैची दुपार निवडली. शनिवारी कारखाना चालू, एचआर जागेवर.

जागा म्हणजे तुमचं साहेबांशी रोज जिथे बोलणं होतं तीच. बहुतेकांचं व्हॉट्सअ‍ॅप. दोन गोष्टी मात्र बघून घ्या. तुमचा नंबर कंपनीच्या सिमवर असेल तर सिम परत करताना तो चॅटही जाईल, तेव्हा स्क्रीनशॉट स्वतःकडे ठेवा. दुसरं, साहेब मीटिंगमध्ये लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडून बसतात आणि त्यावर व्हॉट्सअ‍ॅप उघडं असतं. “सर, मी राजीनामा” एवढे शब्द पडद्यावर चमकून गेलेले मी स्वतः पाहिलेत, आणि समोर अख्खी टीम बसलेली होती. म्हणून पहिल्या ओळीत ती बातमी नको. पहिल्या ओळीत नमस्कार आणि तुम्ही इथे का लिहिताय ते.

तपासा: वर नाव साहेबांचंच आहे ना? “क्वालिटी लाइन ३” हा ग्रुप आणि साहेबांचा चॅट यादीत एकाखाली एक असतात. डिलीट केलं तरी डिलीट केल्याची खूण राहते, आणि तोवर कोणीतरी वाचलेलं असतं.

तोपर्यंत कोणालाही सांगायचं नाही, जेवायला रोज सोबत बसणाऱ्यालाही नाही. कंपनीच्या बसमध्ये कुजबुजलेली गोष्ट नाशिक फाट्यापर्यंत सगळ्या सीटांवर पोहोचलेली असते. साहेबांना बातमी बसमधून कळली की मग तुमच्या मेसेजची किंमत शून्य.

## टप्पा ४: मजकूर

समोरासमोर बोलणं शक्य असेल तर मेसेजमध्ये बातमी द्यायचीच नाही, फक्त वेळ मागायची:

> सर, नमस्कार. आज तुमची १५ मिनिटं हवी होती, माझ्या नोकरीबद्दल बोलायचं आहे. ४:३० नंतर केव्हाही चालेल. लाइनवर सगळं ठीक आहे, त्याबद्दल काही नाही.

शेवटचं वाक्य वगळू नका. क्वालिटीवाल्याने वेळ मागितली की साहेबांच्या डोक्यात आधी कस्टमर रिजेक्शन येतं. आणि “नोकरीबद्दल” एवढ्या शब्दाने शहाण्या माणसाला अंदाज येतोच. तो मनाची तयारी करून बसतो, तेवढंच हवं असतं.

साहेब बाहेरगावी असतील आणि ते परत येईपर्यंत थांबणं परवडणारं नसेल, तरच मेसेजमध्ये बातमी लिहायची. आपल्या उदाहरणात हेच होतं. आधी तिचा पहिला खर्डा बघा, कारण बहुतेकांचा असाच असतो:

> सर, खूप दिवसांपासून सांगायचं होतं पण हिंमत होत नव्हती. मी जड अंतःकरणाने कंपनी सोडण्याचा विचार करत आहे. मला दुसरीकडे ३० टक्के वाढ मिळते आहे आणि घरी पण थोडा प्रॉब्लेम आहे. तुमच्याकडून खूप शिकायला मिळालं. प्लीज मला लवकर रिलीव्ह करा. प्लीज रागावू नका.

“विचार करत आहे” हे सगळ्यात महाग वाक्य. ते वाचल्यावर कोणताही साहेब तुमचा विचार बदलायला बसणार, आणि ते त्याचं कामच आहे. ठरलं असेल तर “ठरवलं आहे” लिहा. ठरलं नसेल तर हा मेसेज पाठवायची वेळ आलेली नाही. पगारवाढीसाठी दबाव म्हणून तर तो मुळीच वापरू नका, कारण साहेब “बरं, ये मेल टाकून” म्हणाले की पुढे बोलायला काही उरत नाही.

“३० टक्के” वाचलं की बोलणं पगारावर घसरतं. नव्या कंपनीचं नाव लिहिलं तरी तीच गत. “घरी प्रॉब्लेम” हे दुसरं कारण पहिल्याला खोटं पाडतं. दोन कारणं दिली की समोरचा तिसरं, खरं शोधायला लागतो. लवकर रिलीव्ह करण्याची विनंती रास्त असेलही, पण ती बातमीसोबत केली की साहेबांना पहिल्याच मिनिटाला “नाही” म्हणावं लागतं. ती समोर बसल्यावर, हँडओव्हरचा आराखडा हातात घेऊन करायची. आणि “रागावू नका” का? नोकरी सोडणं हा गुन्हा नाही. उरला आभार, तो खरा असेल तर शेवटच्या दिवशी मांडा, तिथे तो शोभतो.

तिने पाठवलेला मजकूर असा होता:

> सर, नमस्कार. हे समोर बसून सांगायचं होतं, पण तुम्ही मंगळवारपर्यंत चेन्नईला आहात म्हणून इथे कळवते. मी राजीनामा द्यायचं ठरवलं आहे. लेखी राजीनामा उद्या शनिवारी तुम्हाला आणि एचआरला मेल करेन, नोटीस पूर्ण करणार आहे. आज सोयीच्या वेळी पाच मिनिटं फोनवर बोलू का? टीममध्ये कोणालाही सांगितलेलं नाही.

यातल्या “उद्या मेल करेन” मुळे दोन गोष्टी साधतात. हा मेसेज म्हणजे राजीनामा नव्हे हे स्पष्ट होतं, म्हणजे उद्या कोणी याच तारखेवरून वाद घालणार नाही. आणि मेल कधी येणार हे तुम्ही ठरवलंय, साहेबांच्या परवानगीवर सोडलेलं नाही, हेही कळतं. लास्ट डेची तारीख तिने मुद्दाम लिहिली नाही. ती मेलमध्ये जाईल.

तपासा: मजकूर पाठवण्याआधी एकदा असा वाचा, जणू तो एचआर आणि प्लांट हेडला फॉरवर्ड झालाय. होतोच बहुतेक वेळा. त्यात ज्या शब्दाने ओशाळल्यासारखं वाटेल तो काढा. व्हॉइस नोट पाठवू नका. आवाज कापतो, आणि चुकून स्पीकरवर वाजते.

## टप्पा ५: उत्तर आल्यावर

उत्तरं साधारण तीन तऱ्हांची येतात. पहिली, लगेच फोन. उचला. फोनवर मेसेजमधलंच सांगा, फार तर एक वाक्य जास्त: पुढच्या कामासाठी जातोय, निर्णय पक्का आहे. “कुठे?” ला “जॉइन झाल्यावर नक्की सांगतो सर” हे पुरेसं उत्तर आहे. “किती देतायत?” ला उत्तर देणं सक्तीचं नाही.

दुसरी, काहीच नाही. निळ्या टिका आल्या आणि शांतता. लोक इथे घाबरून दुसरा, तिसरा, जास्त लांब मेसेज पाठवतात. तसं करू नका. त्यांना वाचून दहा ठिकाणी विचार करायचा असतो: ऑडिट कोण बघणार, जागा भरायला मंजुरी मिळेल का. रात्री किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी एकदा फोन करा. नाही उचलला तर ठरल्याप्रमाणे मेल जाईल.

तिसरी सगळ्यात अवघड, आणि आपल्या इंजिनिअरला हीच आली: “मेल टाकू नकोस अजून. मंगळवारी आलो की बोलू, मी प्लांट हेडशी बोलतो.” साहेबांचा हेतू वाईट असतोच असं नाही. लेखी आलं की त्यांनाही वर उत्तर द्यावं लागतं, त्याआधी काही जमतंय का ते बघायचं असतं. पण मंगळवार म्हणजे ८ जुलै. त्या दिवशी प्लांट हेड नसले, बुधवारी मीटिंग लागली, गुरुवारी सुट्टी आली, की ९ जुलैची शेवटची तारीख गेली. अशा थांबण्यात दोन-दोन आठवडे घालवून बसलेली माणसं मी पाहिली आहेत. मग नव्या कंपनीकडे जॉइनिंग पुढे ढकलायला विनवण्या, नाहीतर उरलेल्या दिवसांचा पगार भरून बायआउट.

तिने उत्तर दिलं:

> सर, मंगळवारी नक्की सविस्तर बोलू. माझ्या पुढच्या तारखा ठरलेल्या आहेत, त्यामुळे मेल उद्याच टाकते. लास्ट डे आणि हँडओव्हर आपण मंगळवारी बसून ठरवू.

साहेब थोडे नाराज झाले. व्हायचेच. मंगळवारी आले तोवर त्यांनी तिच्या जागी कोणाला बसवायचं याचा विचार केलेला होता.

थांबा: साहेब फोनवर “ठीक आहे, मी १५ ऑगस्टला सोडतो तुला” म्हणाले तर खूश होऊन नव्या कंपनीला कळवू नका. लवकर रिलीव्ह करण्याचा निर्णय बहुतेक ठिकाणी त्यांच्या एकट्याच्या हातात नसतो. लेखी येईपर्यंत तुमची तारीख कागदावरचीच.

## टप्पा ६: मेल, ठरल्या दिवशी

मेसेज आणि मेल यांच्यात एक दिवस ठीक. फार तर दोन. मेलच्या पहिल्या ओळीत “काल आपल्याशी बोलल्याप्रमाणे” असं घाला, म्हणजे साहेबांना आधी कळवलं होतं हे एचआरलाही दिसतं. बोलणंच झालं नसेल तर “काल मेसेजने कळवल्याप्रमाणे”. त्यानंतर राजीनाम्याची तारीख, नोटीस किती, त्यानुसार लास्ट डे. चार ओळींचा मेल पुरतो. पोर्टल असेल तर तिथेही त्याच दिवशी नोंदवा. काही कंपन्या पोर्टलवरचीच तारीख धरतात.

मेलची प्रत स्वतःच्या खासगी मेलवर बीसीसीमध्ये ठेवा, कंपनीच्या नियमात ते चालत असेल तर. चालत नसेल तर पाठवलेल्या मेलचा फोटो काढून ठेवा.

## हा मेसेज कधी पाठवूच नये

साहेबच छळत असतील, त्यांच्याविरुद्ध तक्रार चालू असेल, किंवा मेसेज मिळताच ते पगार, रजा, रेटिंग यात काहीतरी करतील असा आधीचा अनुभव असेल, तर सौजन्य बाजूला ठेवा. थेट एचआरला मेल, साहेब सीसीत. सेल्समधला माणूस स्पर्धक कंपनीत जात असेल तर तासाभरात लॅपटॉप आणि आयडी बंद होऊ शकतात. तिथे मेसेज आणि मेल यांच्यात दिवसाचं नाही, मिनिटांचं अंतर ठेवा, आणि घरच्यांचे फोटो वगैरे आधीच काढून घेतलेले असू द्यात.

## मेल गेल्यानंतरची एक शेवटची नोंद

शनिवारी मेल केल्यावर साहेबांना त्याच चॅटमध्ये एक ओळ टाका: “सर, मेल टाकला आहे, मंगळवारी भेटू.” मग एचआरकडून पोच येते का बघा. सोमवारी दुपारपर्यंत काहीच आलं नाही, तर मेलची प्रिंट काढून एचआरच्या टेबलावर जा आणि दुसऱ्या प्रतीवर “मिळाले”, तारीख आणि सही घ्या. टाइम ऑफिसचा इनवर्डचा शिक्का मिळाला तर उत्तम. शिक्क्यावर ७ जुलै आला तर शांतपणे सांगा, की मेल ५ तारखेचा आहे, आणि प्रिंटच्या वर मेलची तारीख-वेळ दिसतेय ना ते तिथेच दाखवा.